एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल: मग वर्षभर थांबायचं का?

प्रश्न: माझं वय ३८, लग्नाला १४ वर्षं झाली. पहिल्यांदाच गर्भाशयमुखाची तपासणी केली. रिपोर्टमध्ये आलंय: एचपीव्ही १६ नाही, १८ नाही, इतर हाय-रिस्क प्रकार आढळला, पॅप नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, वर्षभराने या. घरी येऊन वाचलं तर हा व्हायरस संबंधातून पसरतो आणि त्याने कॅन्सर होतो. माझे संबंध फक्त नवऱ्याशीच आलेत. परत जाऊन हे सगळं विचारायची लाज वाटते. मला कॅन्सर आहे का? नवऱ्याने काही केलंय का? वर्षभर नुसतं बसून राहायचं? मुलगी १२ वर्षांची आहे, तिला लस द्यावी का? मी घेऊ का?

उत्तर:

तुम्हाला कॅन्सर आहे असं हा रिपोर्ट म्हणत नाही. नवऱ्याने काही केलंय असंही तो म्हणत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं वर्षभराचं अंतर बरोबर आहे. मात्र त्यामागचं कारण त्यांनी तुम्हाला तिथेच सांगायला हवं होतं, कारण कारण न कळता थांबणं फार जड जातं. ते आता नीट समजून घेऊ.

आधी नवऱ्याचं बोलते, कारण झोप उडते ती यामुळेच. एचपीव्ही हा अतिशय सर्रास आढळणारा व्हायरस आहे. ज्यांचे कधीही लैंगिक संबंध आलेत अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. त्याने ताप येत नाही, खाज येत नाही, अंगावरून जात नाही. म्हणून आला कधी आणि गेला कधी हे कुणालाच कळत नाही. शिवाय तो शरीरात वर्षानुवर्षं इतका कमी प्रमाणात राहू शकतो की तपासणीत दिसत नाही आणि पुढे कधी तरी पुन्हा दिसू लागतो. त्यामुळे आजच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून तो गेल्या वर्षी आला की लग्नाच्या पहिल्या वर्षी, हे सांगणारी कुठलीही तपासणी नाही. नवऱ्याला तो लग्नाआधीच्या एखाद्या संबंधातून आलेला असू शकतो. त्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नसणार. या रिपोर्टवरून कुणाच्याही वागण्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, आणि एखादी बाई तसा काढू लागली तर मी तिला तिथेच थांबवते.

नवऱ्याची तपासणी करून घ्यावी का, असंही पुष्कळ जणी विचारतात. पुरुषांसाठी अशी मान्यताप्राप्त नेहमीची तपासणी नाही आणि व्हायरसवर गोळीही नाही. त्यामुळे त्यांना तपासून हाती काही लागत नाही. सांगायचं असेल तर साध्या शब्दांत सांगा: ‘तपासणीत एक नेहमी आढळणारा व्हायरस सापडलाय, बहुतेकदा आपोआप जातो, वर्षाने परत बघायचंय.’ संबंध बंद ठेवण्याची गरज नाही. कंडोमने संसर्गाची शक्यता कमी होते, पण हा व्हायरस त्वचेच्या स्पर्शानेही पसरतो, त्यामुळे पूर्ण संरक्षण मिळत नाही.

आता वर्षभर का थांबायचं, ते पाहू.

एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातले साधारण १४ ‘हाय-रिस्क’ म्हणजे कॅन्सर घडवू शकणारे. त्यांतही सगळे सारखे नाहीत. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एकट्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. म्हणूनच लॅब हे दोन वेगळे लिहिते आणि बाकीच्यांना ‘इतर’ या एका ओळीत टाकते. तुमच्याकडे १६ किंवा १८ असता तर पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, नॉर्मल असूनही मी वर्षभर थांबायला सांगितलं नसतं, थेट कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघणं, सुचवली असती. तुमचा प्रकार ‘इतर’ मधला आहे आणि पॅपही नॉर्मल आहे. म्हणजे व्हायरस आहे, पण पेशींमध्ये त्याने केलेला बदल आज दिसत नाही.

हा व्हायरस गर्भाशयमुखाच्या एका विशिष्ट पट्ट्यात घर करतो. योनीमार्गाच्या बाजूच्या जाड पेशी आणि गर्भाशयाच्या आतल्या बाजूच्या नाजूक पेशी जिथे मिळतात, तो हा पट्टा. तिथल्या पेशी सतत बदलत असतात, म्हणून तिथे व्हायरसला शिरकाव सोपा जातो. बहुतेक स्त्रियांची प्रतिकारशक्ती त्याला ओळखते आणि दबवून टाकते. सुमारे ९० टक्के संसर्ग दोन वर्षांच्या आत दिसेनासे होतात. ज्या थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो, त्यांच्यातल्या काहींमध्ये तो पेशींची वाढ रोखून धरणारी यंत्रणा बंद पाडतो आणि पेशी बिघडायला लागतात. या बिघाडाला सीआयएन म्हणतात आणि त्याच्या १, २, ३ अशा पायऱ्या असतात. तिसऱ्या पायरीवरसुद्धा तो कॅन्सर नसतो. न्यूझीलंडमध्ये पूर्वी काही स्त्रियांच्या सीआयएन ३ वर पुरेसे उपचार झाले नाहीत. पुढे त्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ३० वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के जणींना कॅन्सर झालेला आढळला. हे प्रमाण मोठं आहे, म्हणून सीआयएन ३ वर उपचार करायलाच हवेत. पण किती वर्षांत, हेही बघा. चांगली प्रतिकारशक्ती असलेल्या बाईत संसर्गापासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात.

तेव्हा एका बाजूला शरीराला व्हायरस घालवायला वेळ द्यायचा आहे. तीन महिन्यांनी तपासलं तर तो बहुधा तिथेच असेल, आणि तुम्ही विनाकारण दुसऱ्यांदा घाबराल. दुसऱ्या बाजूला फार काळही सोडायचं नाही, कारण एकच पॅप स्मिअर बिघडलेल्या पेशी निसटू देऊ शकतो. ब्रश ज्या जागी फिरला नाही तिथल्या पेशी काचेवर येत नाहीत. या दोन्हींचा मेळ वर्षभराच्या आसपास बसतो. काही देशांच्या कार्यक्रमांत हे अंतर दोन वर्षांचंही आहे. तुम्हाला एक वर्ष सांगितलंय, तेच धरा. आज फोनमध्ये तारीख लावून ठेवा आणि रिपोर्टचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी तो कागद सापडत नाही आणि मग सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

याला अपवाद आहेत. एचआयव्ही असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ चालू असतील, तर हा सगळा प्रवास ५ ते १० वर्षांत होऊ शकतो आणि वेळापत्रक बदलतं. यातलं काही असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. तंबाखू किंवा सिगरेट असेल तर तीही सांगा, कारण तिच्यामुळे व्हायरस टिकून राहण्याची शक्यता वाढते.

या वर्षभरात तुम्हाला कुणी काहीतरी करून टाकायला सांगेल, म्हणून हेही लिहिते. एचपीव्ही घालवणारी अँटिबायोटिक्स, योनीत ठेवायच्या गोळ्या, आतून धुण्याची द्रावणं, यातलं काहीही व्हायरस काढत नाही. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे, शेकून टाकू’ असं सांगितलं गेलं तर आधी ती जखम म्हणजे नक्की काय ते विचारा. गर्भाशयाच्या आतल्या नाजूक पेशी तोंडाबाहेर आल्या की ती जागा लालसर दिसते. तरुण वयात, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हे अगदी नेहमीचं असतं आणि बहुतेकदा त्याला उपचार लागत नाहीत. फक्त एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणून गर्भाशय काढून टाकणं तर सरळ चूक आहे. असा सल्ला मिळाला तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

वर्षाने तपासणी निगेटिव्ह आली, तर शरीराने व्हायरस दबवला. मग काही ठिकाणी आणखी एकदा खात्री करून घेतात आणि त्यानंतर नेहमीच्या अंतरावर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार एचपीव्ही तपासणी ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी पुरते. दरवर्षी पॅप करून घेण्याची सवय असलेल्यांना हे अंतर धोकादायक वाटतं, पण एचपीव्ही निगेटिव्ह असेल तर पुढची काही वर्षं कॅन्सर होण्याची शक्यता फारच कमी असते. वर्षानेही पॉझिटिव्हच आली तर कोल्पोस्कोपी करावी लागेल. तेव्हाही बहुतेकींमध्ये कॅन्सर सापडत नाही.

कोल्पोस्कोपी हा शब्द ऐकून आत नळी घालतात असं वाटतं. कोल्पोस्कोप म्हणजे स्टँडवर बसवलेली दुर्बीण. ती शरीराबाहेरच राहते. तपासणीच्या टेबलावर तुम्ही पाय दुमडून झोपता, पॅपच्या वेळी लावलं होतं तेच स्पेक्युलम लावलं जातं. मग गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्क्यांचं पातळ ॲसिटिक ॲसिड कापसाने टेकवतात आणि मिनिटभर थांबतात. ज्या जागी पेशी बदललेल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. कडा धूसर आणि डाग फिकट असेल तर बदल बहुधा साधा. डाग दाट पांढरा, कडा ठळक आणि आत बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसत असेल तर जास्त लक्ष द्यावं लागतं. काही डॉक्टर नंतर आयोडिनही लावतात. त्यात निरोगी पेशी गडद तपकिरी होतात आणि बदललेली जागा पिवळसर राहते. संशयाच्या जागेतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला जातो. तेव्हा चिमटा बसल्यासारखं किंवा पाळीसारखं दुखतं, पण ते पटकन थांबतं. एक-दोन दिवस थोडं रक्त किंवा काळपट स्राव जाऊ शकतो. घाबरू नका, पॅड वापरा. पॅड भरभरून रक्त जाऊ लागलं, ताप आला किंवा घाण वास येऊ लागला, तर मात्र परत जा.

तुकड्याच्या रिपोर्टवर पुढचं ठरतं. सीआयएन १ ला बहुतेक वेळा हात लावत नाहीत, तो आपोआप जातो. सीआयएन २ मध्ये वय आणि पुढे मूल हवंय का ते बघून ठरवतात. सीआयएन ३ वर उपचार करतात: ती जागा उष्णतेने किंवा गोठवून नष्ट करतात किंवा वीजप्रवाह असलेल्या तारेच्या कडीने तेवढाच भाग काढतात, ज्याला लीप म्हणतात. गर्भाशय जागेवर राहतं, पाळी येत राहते, संबंधांतही फरक पडत नाही. लीपनंतरच्या गरोदरपणात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता थोडी वाढते. विनाकारण उपचार करायचे नाहीत असं मी म्हणते ते यामुळेच.

लाजेबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर काही कामाच्या गोष्टी सांगते. टेबलावर झोपायच्या आधी, कपडे अंगावर असतानाच प्रश्न विचारा. झोपल्यावर ते सुचत नाहीत. तोंडाने बोलणं नको वाटत असेल तर कागदावर लिहून द्या, मला कितीतरी जणी असं देतात. स्त्री डॉक्टर किंवा सोबतीला नर्स मागता येते. कमरेवर चादर मागता येते. स्पेक्युलम लावताना ‘लहान साइजचं लावा’ आणि ‘थांबा’ हे दोन्ही म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. ‘थांबा’ म्हटल्यावर थांबणं हे आमचं काम आहे. संबंधांविषयी आम्ही जे विचारतो, शेवटचा संबंध कधी, नंतर रक्त जातं का, दुखतं का, ते पेशींचा अंदाज घ्यायला विचारतो. सोबत सासूबाई किंवा नवरा असेल आणि त्यांच्यासमोर सांगता येणार नसेल, तर ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ असं म्हणा. डॉक्टर बाकीच्यांना बाहेर बसवतील.

पुढच्या वर्षीची एचपीव्ही तपासणी काही ठिकाणी तुम्ही स्वतःही करू शकाल. स्पेक्युलमच लागत नाही. मऊ काडी योनीमार्गात बोटाच्या दोन पेरांएवढी आत घालायची, सांगितलं असेल तेवढा वेळ गोल फिरवायची आणि नळीत टाकायची. गर्भाशयमुखापर्यंत पोचायची गरज नसते, कारण व्हायरस योनीमार्गातल्या स्रावातही सापडतो. पीसीआर पद्धतीच्या लॅबमध्ये या नमुन्याचा निकाल डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा असतो. त्याची मर्यादा एवढीच की तो व्हायरस सांगतो, पेशींचं काही सांगत नाही. पॉझिटिव्ह आला तर डॉक्टरांना बघू द्यावंच लागतं. पाळी जोरात चालू असताना कुठलीच तपासणी करू नका. आधीचे दोन दिवस योनीत औषध किंवा क्रीम घालू नका, आतून धुऊ नका आणि शक्यतो संबंध टाळा.

आता मुलीची लस. द्या, आणि आताच द्या. १२ हे अगदी योग्य वय आहे. या लशीत जिवंत व्हायरस नसतो, फक्त त्याचं रिकामं बाह्य कवच असतं, म्हणून लशीने संसर्ग होऊच शकत नाही. संसर्ग होण्याआधी ती दिली तरच पूर्ण उपयोग होतो, आणि ९ ते १४ या वयात शरीर त्या कवचाविरुद्ध जास्त जोमाने प्रतिपिंडं तयार करतं. ‘इतक्या लवकर लस दिली तर तिला वाटेल आता मोकळीक आहे’ ही शंका पुष्कळ आया दबक्या आवाजात विचारतात. लस घेतलेल्या मुली लवकर संबंध सुरू करतात का, हे तपासलं गेलं आहे आणि तसं आढळलेलं नाही. मुलीला सांगतानाही संबंधांचा विषय काढलाच पाहिजे असं नाही. ‘मोठेपणी होऊ शकणारा एक कॅन्सर टाळायची लस’ एवढं १२ वर्षांच्या मुलीला पुरतं. ती पुढे काही विचारेल तेव्हा तेवढंच खरं उत्तर द्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एक किंवा दोन डोस आणि त्यापुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असा सल्ला दिला. प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांना किमान दोन, जमल्यास तीन. तुमच्याकडचा कार्यक्रम आणि डॉक्टर त्यातलं काय पाळतात ते विचारून घ्या. दंड दुखतो, कधी अंग कसकसतं. या वयात सुई टोचल्यावर चक्कर येणं नेहमीचं आहे, म्हणून बसवून किंवा झोपवून लस द्यायला सांगा आणि नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा. पुढे मूल होत नाही अशी भीती पसरवली जाते, पण जगभर कोट्यवधी डोस दिल्यावरही तसा कुठलाच पुरावा मिळालेला नाही. फायदा मात्र मोजता आला आहे. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी ज्यांना लस देऊ केली गेली, त्यांच्यात हा कॅन्सर पुढे ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

तुमच्या स्वतःच्या लशीबद्दल मात्र माझं उत्तर एवढं ठाम नाही. आत्ता असलेला संसर्ग लस काढत नाही आणि तुमचा वर्षानंतरचा रिपोर्टही ती बदलणार नाही. जे प्रकार तुम्हाला झालेले नाहीत त्यांच्यापासून ती काही प्रमाणात वाचवते, पण ३८ व्या वर्षी हा फायदा लहान असतो. खर्च परवडत असेल आणि घ्यायची इच्छा असेल तर घ्या, त्यात धोका नाही. गरोदर असाल तर बाळंत होईपर्यंत थांबा. पण लशीवर खर्च केला म्हणून पुढची तपासणी टाळणार असाल, तर मी तपासणीच निवडेन. मुलीलाही हेच लागू आहे: लस सगळ्या प्रकारांना पुरी पडत नाही, म्हणून योग्य वय झाल्यावर तिलाही तपासणी लागेलच.

शेवटी एक अपवाद. वर्षभर थांबायचं ते काही त्रास नसेल तरच. संबंधानंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसलं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसला किंवा घाण वासाचा, रक्तमिश्रित स्राव सुरू झाला, तर नॉर्मल पॅपचा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात जा. चाळणी तपासणी त्रास नसलेल्या बाईसाठी असते. त्रास असेल तर डॉक्टरांनी गर्भाशयमुख डोळ्यांनी बघायलाच हवं. फोनवर अपॉइंटमेंट घेताना हे शब्द जड जात असतील तर ‘पाळीव्यतिरिक्त रक्त जातंय, लवकरची वेळ द्या’ एवढंच म्हणा. पुढचं आत गेल्यावर डॉक्टर विचारतील.